उपचार सुधारले तर रुग्ण वाढतात कसे? (पीएसएमचं एक गणित)

वर्धेकर_मेडिको

पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, सराव परीक्षेत हा एमसीक्यू आला होता: एका जुनाट आजारावर नवं औषध आलं. त्याने मृत्यू टळतो, पण आजार मुळातून बरा होत नाही. तर काय होईल? पर्याय असे: इन्सिडन्स वाढेल, इन्सिडन्स घटेल, प्रिव्हलन्स वाढेल, प्रिव्हलन्स घटेल.

उत्तरपत्रिकेत 'प्रिव्हलन्स वाढेल' दिलंय. होस्टेलवर यावरून रात्रभर वाद चालला. रूममेटचं म्हणणं, चांगलं औषध आल्यावर रुग्ण वाढत असतील तर ते औषध चांगलं कसलं? मला उत्तर माहीत आहे, पण त्याला पटेल असं सांगता येत नाहीये. कुणी आकडे घालून समजावेल का? आणि हे नेहमीच खरं असतं का?

चटकन_उत्तर

P = I × D. P म्हणजे प्रिव्हलन्स, एका वेळी असलेले एकूण रुग्ण; I म्हणजे इन्सिडन्स, वर्षाला नव्याने आजारी पडणारे; D म्हणजे आजाराची सरासरी मुदत. औषधाने D वाढला, I तोच राहिला, म्हणून P वाढला. एवढं पाठ कर, मार्क मिळतात. उपचाराने इन्सिडन्स कधीच बदलत नाही, तो फक्त प्रतिबंधाने बदलतो, हेही लक्षात ठेव.

ताराराणी

सूत्र बरोबर आहे, पण रूममेटला ते आधीच ठाऊक असणार. त्याची अडचण वेगळी आहे, म्हणून आकडे घालूनच बघू. (दुसऱ्या वाक्यातल्या 'कधीच'वर इथले बाकीचे बोलतीलच.)

एक शहर घ्या. तिथे या आजाराचे दरवर्षी ५० नवे रुग्ण सापडतात आणि निदानानंतर रुग्ण सरासरी ४ वर्षं जगतो. सोयीसाठी असं धरू की दरवर्षी हयात रुग्णांपैकी चौथा हिस्सा दगावतो. शहरात २०० रुग्ण असतील तर वर्षाला ५० जाणार आणि ५० नवे येणार. आकडा २०० वरच थांबणार. ५० × ४ = २०० हे सूत्र या स्थिर अवस्थेचं आहे.

आता औषध आलं. सरासरी आयुष्य १० वर्षं झालं, म्हणजे दरवर्षी चौथ्याऐवजी दहावा हिस्सा दगावतो. पहिल्या वर्षी २०० मधले २० गेले आणि ५० नवे आले, झाले २३०. दुसऱ्या वर्षी २३ गेले, ५० आले, झाले २५७. तिसऱ्या वर्षी साधारण २८१. पाचव्या वर्षाअखेर ३२३ च्या आसपास, दहाव्या वर्षी ३९५. आकडा सरकत सरकत ५०० कडे जातो, कारण ५०० चा दहावा हिस्सा ५० आणि तिथे येणारे-जाणारे पुन्हा बरोबरीत येतात. ५० × १० = ५००.

या सगळ्यात 'दरवर्षी ५० नवे' या आकड्याला कुणी हातही लावलेला नाही. औषध आजार झालेल्या माणसाला मिळतं. आजार नसलेल्याला तो होण्याची शक्यता त्याने बदलत नाही.

रूममेटला मेडिकल कॉलेजचंच उदाहरण दे. दरवर्षी प्रवेश १०० च राहिले पण अभ्यासक्रम एक वर्षाने लांबला, तर एकही जागा न वाढता कॉलेजात १०० मुलं जास्त दिसतील.

वर्धेकर_मेडिको

ताराराणी मॅडम, खूप धन्यवाद. वर्षावार मांडल्यावर लख्ख कळलं. पण एक शंका. शेवटी ५०० वर पोचल्यावर वर्षाला पुन्हा ५० च मृत्यू होतात. औषध येण्याआधीही ५० च होते. मग औषधाने मृत्यू टळले कुठे? रूममेट आता हेच धरून बसलाय.

ताराराणी

रूममेटला माझ्याकडून शाबासकी सांग. हा प्रश्न वर्गात फार थोडी मुलं विचारतात.

आजार बरा होत नसेल तर ज्याला तो झाला, तो कधी ना कधी रुग्ण म्हणूनच जाणार, या आजाराने किंवा दुसऱ्या कशाने. त्यामुळे दीर्घ मुदतीत वर्षाला जितके नवे, तितकेच मृत्यू. औषधाने मृत्यू रद्द होत नाही, पुढे ढकलला जातो. संक्रमणाच्या वर्षांत बघ: मृत्यू ५० वरून एकदम २० वर आले आणि मग २३, २६ असे चढत गेले. नुसता मृत्यूंचा आकडा बघणारा माणूस पाचव्या-सहाव्या वर्षी घाबरून म्हणेल की औषध निकामी झालं.

औषधाचा फायदा मोजायचा तर प्रत्येक रुग्णाला मिळालेली जास्तीची ६ वर्षं मोजायची. दरवर्षी ५० नवे रुग्ण गुणिले ६ म्हणजे ३००. आणि प्रिव्हलन्स वाढला कितीने? २०० वरून ५००, म्हणजे तोच ३००. शहरात जे ३०० जास्तीचे रुग्ण दिसतात, ती औषधाने वाचवलेली माणसं आहेत. एरवी ती यादीत नसती, कारण ती जगातच नसती.

सातमाळा

मी डॉक्टर नाही. नाशिकजवळ राहतो. मला रक्ताचा कर्करोग आहे, सीएमएल. रोज इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतो, ठरावीक महिन्यांनी पीसीआरची तपासणी करतो. कामावर जातो, द्राक्षाची छाटणीही करतो. वर वाचून मला असं वाटलं की चांगली औषधं आल्यापासून आमच्या आजाराचे रुग्ण वाढत चालले आहेत. म्हणजे हा आजार पसरतोय का? द्राक्षबागेच्या फवारणीशी याचा काही संबंध आहे का? घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारतोय.

रक्तपेढी

सातमाळा दादा, आधी मनातली भीती काढा. सीएमएल संसर्गजन्य नाही, तुमच्यामुळे घरात कुणालाही होणार नाही. रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि तिथून हा आजार सुरू होतो. हा बदल जन्मानंतर होतो, त्यामुळे मुलांकडे वारशाने जात नाही. फवारणीबद्दल: या आजाराचं पक्कं ठाऊक असलेलं बाहेरचं कारण म्हणजे मोठ्या मात्रेतला किरणोत्सर्ग, आणि बहुतेक रुग्णांत तोही सापडत नाही. फवारताना मास्क-हातमोजे वापराच, पण ते इतर कारणांसाठी.

आणि धाग्याच्या विषयाला तुमच्या आजाराइतकं चोख उदाहरण नाही. इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी हायड्रॉक्सियुरिया, इंटरफेरॉन आणि जमलं तर बोनमॅरो प्रत्यारोपण एवढंच हाती होतं. बहुतेक रुग्ण चार-सहा वर्षांत आजाराच्या तीव्र टप्प्यात जाऊन दगावत. आज नीट गोळी घेणाऱ्या रुग्णाचं आयुष्य त्याच वयाच्या इतर माणसाच्या जवळपास पोचलंय. आपल्याकडे भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या निघाल्या आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेक या इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडचं पेटंट नाकारल्यावर त्या मिळत राहिल्या, म्हणून हे चित्र खेड्यापाड्यापर्यंत आलं.

इन्सिडन्स मात्र लाखाला साधारण एकच्या आसपासच आहे. समजण्यापुरतं गणित करू. १० कोटी वस्ती, लाखाला १, म्हणजे वर्षाला १,००० नवे रुग्ण. सरासरी ५ वर्षं जगत होते तेव्हा ५,००० रुग्ण हयात. सरासरी २० वर्षं झाली की २०,०००. चौपट रुग्ण, आणि नव्याने आजारी पडणारे तेवढेच. ओपीडीबाहेरची रांग लांबलीय ती तुमच्यासारखे लोक दर तीन महिन्यांनी चालत येतात म्हणून.

सातमाळा

बरं वाटलं वाचून. बायकोलाही वाचून दाखवलं.

बाबा_आमटे_नगर

मी निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ. आमच्याकडे नेमकं उलट झालं, म्हणून लिहितो. उपचार सुधारले आणि प्रिव्हलन्स धाडकन खाली आला.

एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्रित उपचार, येण्याआधी डॅप्सोन वर्षानुवर्षं चालायचं, कित्येकांना जन्मभर. रजिस्टरमधलं नाव निघायचंच नाही. १९८३ मध्ये देशात दहा हजारांमागे ५७.८ रुग्ण होते. एमडीटी आली, उपचाराला ठरावीक मुदत मिळाली, मुदत संपली की नाव कमी. डिसेंबर २००५ मध्ये देशाचा आकडा दहा हजारांमागे एकच्या खाली आला आणि निर्मूलन जाहीर झालं. आमच्या कार्यालयात पेढे वाटले होते.

पण त्यानंतरही बरीच वर्षं देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतच होते. मी स्वतः पाठीवरचे सुन्न चट्टे शोधत फिरत होतो. तेव्हा प्रिव्हलन्स वाढतोच असं नाही, हे मुलांना सांगा.

ताराराणी

काका, तुमचा प्रतिसाद या धाग्यात असायलाच हवा होता. त्याचंच गणित मांडते, आकडे समजण्यापुरते.

४ लाख वस्तीचा तालुका. वर्षाला ४८ नवे कुष्ठरुग्ण: २४ एमबी, म्हणजे जास्त जंतू असलेले, आणि २४ पीबी, म्हणजे कमी जंतू असलेले. एमबीचा उपचार २४ महिने होता तेव्हा रजिस्टरवर २४ × २ = ४८ एमबी. पीबीचे ६ महिने, म्हणून २४ × ०.५ = १२. एकूण ६०, म्हणजे दहा हजारांमागे १.५. पुढे, १९९८च्या सुमारास, एमबीचा उपचार १२ महिन्यांवर आला. आता एमबी २४ × १ = २४, पीबी तेच १२, एकूण ३६. दहा हजारांमागे ०.९.

एकही नवा रुग्ण कमी न होता तालुका 'एकच्या खाली' गेला. सूत्र तेच, D फक्त दुसऱ्या दिशेने हलला. म्हणून एमसीक्यूमधलं 'बरा होत नाही' हे अर्धं वाक्य वाचल्याशिवाय पर्यायाला हात लावायचा नाही. औषध मृत्यू टाळून रुग्णाला यादीत ठेवतं की बरा करून यादीतून काढतं, यावर दिशा ठरते.

बाबा_आमटे_नगर

अगदी. फक्त एक जोडतो. आकडा एकच्या खाली गेल्यावर काही ठिकाणी शोधमोहिमा ढिल्या पडल्या. रुग्ण उशिरा सापडू लागले, बोटं वाकडी झाल्यावर. म्हणून माझं मत: कुष्ठरोगात प्रिव्हलन्स बघूच नये, नव्या रुग्णांत लहान मुलं किती आणि विकृती आलेले किती हे बघावं. मुलात सापडला तर संसर्ग अलीकडचा. मोठ्यांत विकृती असेल तर आपण उशिरा पोचलो.

समुपदेशक_ताई

पहिल्या प्रतिसादातल्या 'उपचाराने इन्सिडन्स कधीच बदलत नाही' याला माझा विरोध आहे. मी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्रात काम करते.

१ एप्रिल २००४ ला सरकारी मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा सगळे म्हणत, आता रुग्ण जगतील, संख्या वाढेल. जगले, आणि ते तर हवंच होतं. पण एचआयव्हीत आणखी एक गोष्ट घडते. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. गरोदर बाईला वेळेवर औषध दिलं तर बाळ बहुतेक वेळा वाचतं. म्हणजे एकाचा उपचार हा दुसऱ्याचा प्रतिबंध झाला. २०१७ पासून सीडी४ या प्रतिकारपेशींची संख्या कितीही असो, निदान झालं की लगेच औषध सुरू करतात, त्यामागे हाही विचार आहे.

म्हणून देशात नवे संसर्ग बरेच घटले तरी एचआयव्हीसह जगणारे लोक पंचवीस लाखांच्या घरात आहेत. I खाली आणि D वर, दोन्ही एकदम. एचआयव्हीचं उदाहरण देऊन 'इन्सिडन्स बदलत नाही' असं शिकवलेलं मी ऐकलंय, ते बरोबर नाही.

चटकन_उत्तर

ताई, पटलं. पण परीक्षेत एचआयव्हीचं नाव घालून हाच प्रश्न आला तर उत्तर प्रिव्हलन्स वाढेल हेच टिकवायचं ना?

समुपदेशक_ताई

पर्यायांमध्ये तेच सर्वांत योग्य असेल तर हो. पण तोंडी परीक्षेत बाकीचं सांगता आलं पाहिजे.

गोदाकाठचा_एमओ

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. मला हा विषय परीक्षेबाहेर भेटला. आढावा बैठकीत विचारलं गेलं: तुमच्या केंद्रात रक्तदाबाचे रुग्ण दरवर्षी वाढतायत, मग तुम्ही गोळ्या वाटून करता काय? खुलासा द्या म्हणाले. मी P = I × D सांगितलं, पण खरं सांगायचं तर आमच्याकडे D वाढला म्हणून आकडा वाढला की शोध वाढला म्हणून, हे मला ठामपणे दाखवता येईना. आशाताई घरोघरी बीपी मोजायला लागल्यापासून किती तरी जुने रुग्ण पहिल्यांदाच नोंदले गेलेत. हे वेगळं कसं करायचं?

ताराराणी

पूर्ण वेगळं करता येत नाही, पण रजिस्टर बरंच सांगतं. आजच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे पहिल्या नोंदणीचं वर्ष लिहा आणि वर्षावार मोजा. २०१९ मध्ये नोंदलेल्यांपैकी आज किती हयात आणि उपचारावर आहेत? आधीच्या तुकड्यांपेक्षा हे प्रमाण सुधारलं असेल तर वाढीचा तेवढा भाग टिकून राहिलेल्या माणसांचा.

मग नव्या नोंदी बघा. घरोघरी मोजणी सुरू झाली त्या वर्षी नव्या नोंदी एकदम फुगल्या आणि दोन-तीन वर्षांत उतरल्या, तर तो साचलेला अनुशेष होता. त्या नव्या लोकांत पहिल्याच भेटीत किडनी किंवा डोळ्यांची गुंतागुंत असलेले बरेच असतील, तर आजार जुना, नोंद नवी. मोजणीचं प्रमाण तेच राहूनही नव्या नोंदी वर्षानुवर्षं चढत असतील, आणि त्याही तरुण वयात, तर इन्सिडन्स खरंच वाढत असण्याची शंका घ्यायची.

आणि ज्यांनी गोळ्या सोडल्या, स्थलांतर केलं किंवा जे वारले त्यांची नावं कमी झाली आहेत ना, ते आधी तपासा. मेलेल्या माणसांनीही प्रिव्हलन्स वाढतो.

गोदाकाठचा_एमओ

शेवटचं वाक्य आमच्या रजिस्टरला नेमकं लागू आहे. उद्यापासून तिथूनच सुरुवात करतो. शोध आणि आयुष्य दोन्ही एकदम वाढलं असेल तर वाटणी कशी करायची, हे मात्र अजून नीट कळलं नाही.

वर्धेकर_मेडिको

सरावासाठी दोन गणितं सोडवली, कुणी तपासाल का?

एक: इन्सिडन्स वर्षाला हजारी ६, आजाराची मुदत २ महिने. मित्रांचं उत्तर १२. माझं १, कारण २ महिने म्हणजे २/१२ वर्ष आणि ६ × २/१२ = १.

दोन: आजार नसलेल्या हजार लोकांत वर्षाला १० नवे रुग्ण, मुदत २० वर्षं. मी १० × २० = २०० काढलं, म्हणजे हजारी २००, २० टक्के.

ताराराणी

पहिलं बरोबर. परीक्षेत सर्वांत जास्त मार्क इथेच जातात, दर वर्षाचा आणि मुदत महिन्यांची.

दुसऱ्यात थांब. २० टक्के लोक आधीच आजारी असतील तर नव्याने आजारी पडायला उरले ८० टक्केच. दर 'आजार नसलेल्यांत' दिला असेल तर सूत्र P/(1 − P) = I × D. इथे I × D = ०.२, म्हणून P = ०.२/१.२, म्हणजे साधारण १६.७ टक्के. सीएमएलसारख्या विरळ आजारात हा फरक दिसतही नाही, मधुमेहासारख्या सर्रास आजारात दिसतो. एमसीक्यूत 'आजार दुर्मीळ आणि स्थिर आहे' असं म्हटलं असेल तर सरळ गुणाकार कर.

सातमाळा

एक विचारू का? डॉक्टर म्हणाले की पीसीआर अशीच बरीच वर्षं एकदम खाली राहिली तर गोळी थांबवून बघता येईल. मग मी त्या आकड्यात मोजला जाणार की नाही?

रक्तपेढी

दादा, गोळी थांबवायची ती फक्त डॉक्टरांच्या देखरेखीत, कारण सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर लागते. थांबवलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच.

मोजणीचं विचाराल तर हे मोजणाऱ्यावर आहे. काही ठिकाणी 'कधीही निदान झालेला आणि आज हयात' असा प्रत्येक माणूस धरतात, त्यात तुम्ही राहाल. कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीत बरेचदा फक्त गेल्या पाच वर्षांत निदान झालेले हयात रुग्ण धरतात, त्यात सहाव्या वर्षी तुम्ही गोळी घेत असलात तरी बाहेर. माझ्या वरच्या उदाहरणात तसं मोजलं तर वर्षाला १,००० नवे असताना आकडा ५,००० च्या वर जाऊच शकत नाही, माणसं २० वर्षं जगोत की ४०.

ताराराणी

मला पाच वर्षांची ही मोजणी सीएमएलसाठी अपुरी वाटते. औषध, पीसीआर आणि ओपीडीची वेळ किती लागेल याचा अंदाज त्यातून येत नाही. गोळी पंधराव्या वर्षीही लागते.

रक्तपेढी

नियोजनासाठी सहमत. पण गोळी थांबवून दहा वर्षं ठणठणीत असलेल्याला रुग्ण म्हणून धरायचं का, यावर आमच्या विभागातच दोन मतं आहेत. मी धरावं या बाजूचा, कारण त्याची तपासणी चालूच राहते.

वर्धेकर_मेडिको

रूममेटला सगळा धागा वाचायला दिला. त्याने उत्तर मान्य केलं. आता म्हणतोय, एमसीक्यूत 'पाच वर्षांचा प्रिव्हलन्स' असं लिहिलेलं असेल आणि औषधाने आयुष्य १० वरून २० वर्षं झालं असेल, तर उत्तर काय धरायचं?

रक्तपेढी

सगळे रुग्ण बरोबर दहा वर्षं जगत होते असं धरलं तर काहीच बदल नाही. प्रत्यक्षात काही जण पहिल्या पाच वर्षांतच जात असतात आणि औषधाने त्यातले काही वाचतात, म्हणून थोडी वाढ. आयुष्य दुप्पट झालं म्हणून आकडा दुप्पट मात्र होणार नाही.